काल्याच्या दिवशी माईक तुमच्या हातात आला, तर

गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात पहिले सात दिवस सूत्रसंचालकाला फारसं काम नसतं. काकडा, पारायण, गाथाभजन, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन, जागर हे सगळं ज्याच्या त्याच्या वेळेला सुरू होतं. माईकवर जायचं ते रात्रीच्या कीर्तनाआधी चार वाक्यं बोलायला आणि उद्याच्या अन्नदात्यांची नावं वाचायला. आठव्या दिवशी, म्हणजे काल्याला, मात्र सगळं एकदम अंगावर येतं. दिंडी, पाहुणे, सत्कार, मनोगतं, काल्याचं कीर्तन, हंडी, आरती, पसायदान आणि महाप्रसाद, हे सगळं पाच तासांत बसवायचं असतं. आणि ही जबाबदारी बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी, "तुम्ही मास्तर आहात, तुम्हीच बोला" एवढ्यावर गळ्यात पडते.

मी आमच्या भागात बऱ्याच सप्ताहांत हे काम केलं आहे. पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. प्रत्येक गावाची रीत थोडी वेगळी असते, म्हणून वेळा तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या. क्रम मात्र शक्यतो बदलू नका.

१. आदल्या रात्री वेळापत्रक शेवटाकडून लिहा

पत्रिकेत "सकाळी १० ते १२ काल्याचे कीर्तन" असं छापलेलं असतं. त्या दिवसात न हलणाऱ्या वेळा दोनच, दहा आणि बारा. बाकी सगळं ताणलं जातं. म्हणून सकाळपासून पुढे लिहीत जाऊ नका, पंगतीपासून मागे या.

पहिली पंगत १२:४५ ला बसायची असेल, तर आरती आणि पसायदान १२:२५ ला सुरू व्हायला हवं. हंडी फुटल्यावर काल्याचा प्रसाद वाटायला आणि लोक पुन्हा जागेवर यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, म्हणजे हंडी बाराला. कीर्तन दहाला. टाळकरी उभे राहायला, पखवाज लावायला आणि महाराजांचं पूजन व्हायला दहा मिनिटं लागतात, म्हणजे ९:५० नंतर तुमच्याकडे काहीच उरत नाही. सत्कार आणि मनोगताला ९:२० ते ९:५०. दिंडी मंडपात ९:१० ला आलेली हवी.

इथेच पहिली गफलत होते. दिंडी साडेसातला निघते, अंतर जेमतेम एक किलोमीटर असतं, त्यामुळे ती वेळेत येईल असं सगळे धरून चालतात. पण दारोदार ग्रंथाचं आणि वीणेचं औक्षण होतं. चाळीस दारांत अर्धा-अर्धा मिनिट थांबलं तरी वीस मिनिटं तिथेच गेली, आणि चौकात फुगड्या रंगल्या की आणखी पंधरा. फुगड्या थांबवायला जाऊ नका, वर्षातून एकदाच बायकांना चौक मिळतो. त्याऐवजी चोपदारांशी आदल्या रात्री बोला आणि दिंडी सातलाच काढायचं ठरवा.

हे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या चार प्रती काढा. एक चोपदारांना, एक साउंडवाल्याला, एक आचाऱ्याला आणि एक समितीतल्या अशा माणसाला, ज्याचं सगळे ऐकतात. आचाऱ्याची प्रत लोक विसरतात. त्याला पंगतीची खरी वेळ माहीत नसेल, तर तो साडेअकरालाच बुंदीची घमेली मंडपाच्या कडेला आणून ठेवतो आणि मागच्या निम्म्या लोकांचं लक्ष कीर्तनातून उडतं.

२. हाताशी काय काय हवं

- पोस्टकार्डाएवढे जाड कागद, एका कागदावर एकच कार्यक्रम. मोठे कागद पंख्याने उडतात.
- पेन्सिल आणि खोडरबर. नावं सकाळपर्यंत बदलतात. पूजनाला बसणाऱ्या जोडप्याच्या भावकीत रात्रीतून सुतक आलं, तर सकाळी दुसरं जोडपं लिहावं लागतं.
- हातातलं घड्याळ. मोबाइल बघत उभा राहिलेला सूत्रसंचालक लोकांना आवडत नाही, आणि नेमका त्याच वेळी फोन येतो.
- भिंतीवरचं एक मोठं घड्याळ. ते गादीच्या समोरच्या खांबाला, महाराजांना दिसेल असं बांधा.
- एक मदतनीस. चिठ्ठ्या त्याने घ्यायच्या, पाहुणे त्याने बसवायचे. तुम्ही माईक सोडून खाली उतरलात की तो दुसऱ्याच्या हातात गेला म्हणून समजा.

३. महाराजांचा परिचय त्यांच्याकडूनच घ्या

पत्रिकेवरून परिचय वाचू नका. पत्रिका छापणारा मागच्या वर्षीचीच बिरुदं पुढे ओढतो. महाराज आले की चहाच्या वेळी पाच गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: पूर्ण नाव, मूळ गाव, अध्ययन कुठे आणि कोणाकडे झालं, कोणतं बिरुद लावायचं, आणि साथीला कोण आहे.

अध्ययनाच्या बाबतीत एक चूक सर्रास होते. "महाराजांचं शिक्षण आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत झालं" हे वाक्य सगळ्यांनाच लावलं जातं. वारकरी शिक्षण संस्था ही जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत स्थापन केलेली एक विशिष्ट संस्था आहे. आळंदीत शिकलेला प्रत्येक जण तिथलाच असतो असं नाही. तिथे आज इतरही बऱ्याच संस्था आहेत आणि प्रत्येकाला आपल्या गुरूंचं नाव नीट घेतलेलं हवं असतं. बिरुदांचंही तसंच. 'रामायणाचार्य' किंवा 'भागवताचार्य' आपल्या मनाने जोडू नका, आणि असलेलं वगळूही नका. कीर्तनकार स्त्री असतील, तर नावापुढे 'ताई' की 'महाराज' हेही त्यांनाच विचारा.

सहावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो हळूच विचारायचा: "महाराज, आपल्याला इथून पुढे कुठे जायचं आहे?" सप्ताहांच्या दिवसांत बऱ्याच कीर्तनकारांना संध्याकाळी दुसऱ्या गावी सेवा असते. त्यालाच जोडून विचारा: "सुरुवातीला उशीर झाला तर बारा पाळायचे, की दोन तास पूर्ण करायचे?" काही जण म्हणतात, हंडी बारालाच. काही जण म्हणतात, मला चाल, अभंग आणि काल्याचं प्रकरण बसवायला पावणेदोन तास तरी हवेत. हे उत्तर कळलं की सकाळी उशीर झाल्यावर काय कापायचं हे ठरलेलंच असतं.

४. सत्कार: वेळ इथेच जातो

एका सत्काराला किती वेळ लागतो, ते एकदा घड्याळ लावून बघा. नाव पुकारलं, माणूस मागून उठला, मांड्यांमधून वाट काढत आला, टोपी घातली, शाल पांघरली, श्रीफळ दिलं, फोटोवाल्याने "इकडे बघा" म्हटलं, नमस्कार झाला. कमीत कमी एक मिनिट. समितीने दिलेल्या यादीत अठ्ठावीस नावं असतील, तर तुमची तीस मिनिटं तिथेच संपली. शिवाय सरपंचांचं मनोगत आहे.

यादी छोटी करा असं समितीला सांगून उपयोग नाही. प्रत्येक नावामागे कोणाचा तरी रुसवा असतो. नावं तितकीच ठेवा आणि तीन गटांत विभागा.

पहिला गट अन्नदाते आणि पंगतीचे यजमान. यांची नावं सलग वाचायची, त्यांनी जागेवरच उभं राहायचं आणि त्यांच्यातल्या वयाने सगळ्यात ज्येष्ठ असलेल्याने सर्वांच्या वतीने श्रीफळ घ्यायचं. नावाला चार-पाच सेकंद धरले तर वीस नावं दोन मिनिटांत होतात. क्रम दिवसांप्रमाणे लावा: पहिल्या दिवसाची पंगत, दुसऱ्या दिवसाची, असं. रकमेप्रमाणे किंवा मानाप्रमाणे लावलात की भांडण ठरलेलं. दिवसांच्या क्रमावर कोणी वाद घालत नाही.

दुसरा गट पाहुणे. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, शेजारच्या गावांची मंडळी. पाचही जणांना एकदम पुढे बोलवा, समितीच्या पाच जणांनी एकाच वेळी शाली घालाव्यात आणि फोटो एकच काढावा.

तिसरा गट सेवेकऱ्यांचा. सात दिवस वीणेचा पहारा लावणारे, पहाटे चारला काकड्याला येणारे, आचारी, वाढपी. यादीत हे शेवटी असतात आणि वेळ संपला की हेच कापले जातात. माझं मत उलटं आहे. एकेकाचा वेगळा सत्कार करायचाच असेल, तर तो यांच्यातल्या दोघांचा करा, ज्यांनी रात्री जागवल्या त्यांचा. अख्खा मंडप टाळ्या वाजवतो आणि कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

देणगीच्या रकमा माईकवरून वाचू नका. एकदा का "अकरा हजार" म्हटलंत, की पाच हजारवाल्याचा मुलगा चिठ्ठी घेऊन येतो, वडिलांचं राहिलं म्हणून, आणि मग चिठ्ठ्यांची रांग लागते. रकमा फलकावर लिहाव्यात. उशिरा आलेल्या चिठ्ठीला मदतनिसाने एकच उत्तर द्यायचं: "नाव आजच फलकावर लागतंय, दादा. फलक महाप्रसादाच्या वाटेवरच आहे."

मनोगत एकच ठेवा, तीन मिनिटांचं, आणि ती मर्यादा माईकवरून सांगू नका, आधी कानात सांगा. वक्ता लांबायला लागला, तर दोन मिनिटांनी पूजनाचं ताट घेऊन यजमान जोडप्याला गादीजवळ उभं करा. समोर जोडपं ताटकळलेलं दिसलं की बहुतेक जण आवरतं घेतात. तरी नाही ऐकलं, तर मृदंगवाल्यांकडे बघा. ते पखवाज लावायला बसलेलेच असतात. वाक्य संपतं तिथे दोन थापा पडल्या की टाळकरी आपोआप "रामकृष्ण हरी" उचलतात. हे आदल्या दिवशी त्यांच्याशी ठरवून ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल, तर उमेदवाराला मनोगताला बोलवायचंच नाही. धार्मिक स्थळ प्रचाराला वापरता येत नाही, आणि नंतर उत्तरं समितीला द्यावी लागतात.

५. बोलायचं काय: तयार मजकूर

दिंडी मंडपात आल्यावर (अर्धा मिनिट):

"रामकृष्ण हरी माउली. दिंडी मंडपात आली आहे. माता-भगिनींनी उजव्या बाजूला, पुरुष मंडळींनी डाव्या बाजूला बसून घ्यावं. मधली वाट टाळकऱ्यांसाठी मोकळी असू द्या. ठीक दहा वाजता काल्याच्या कीर्तनाला सुरुवात होईल."

सत्काराच्या आधी:

"सात दिवस या मंडपात ज्यांनी अन्नदान केलं, त्यांची नावं मी दिवसांच्या क्रमाने घेतो. नाव घेतल्यावर कृपया जागेवरच उभं राहावं. सर्वांच्या वतीने आपल्यातले ज्येष्ठ, —— बाबा श्रीफळ स्वीकारतील. टाळ्या सगळी नावं झाल्यावर एकदमच द्या."

शेवटचं वाक्य विसरलात, तर प्रत्येक नावाला टाळ्या पडतात आणि दोन मिनिटांची पाच होतात.

आभार इथेच मानून टाका, कीर्तनाच्या आधी. नवीन माणसाला हे चुकल्यासारखं वाटतं, कारण शाळेत आणि सभेत आभार शेवटी असतात. पण सप्ताहाची सांगता पसायदानाने होते आणि त्यानंतर कोणी बोलत नाही. बोललं तरी ऐकायला कोणी बसलेलं नसतं.

"मंडप, साउंड, पाणी, जागा आणि वर्गणी, ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्या सर्वांचे समितीच्या वतीने आभार. पुढच्या वर्षीच्या सप्ताहाच्या तारखा फलकावर लिहिल्या आहेत."

महाराजांचा परिचय (एक मिनिट, त्याहून जास्त नाही):

"आज काल्याची सेवा करणार आहेत हरिभक्तपरायण —— महाराज. मूळ गाव ——. अध्ययन —— येथे, —— महाराजांच्या सान्निध्यात. मृदंगावर ——, गायनसाथीला —— आणि ——, वीणेवर ——. यजमान श्री व सौ. —— यांनी महाराजांचं पूजन करावं. मोबाइल बंद करावेत. यानंतर हंडी फुटेपर्यंत माईकवरून कोणतीही सूचना होणार नाही. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय!"

परिचयात स्वतःच्या चारोळ्या, शेर, आणि "जणू काही साक्षात" अशी वाक्यं नकोत. पुढचे दोन तास बोलणारा माणूस शेजारीच उभा आहे आणि त्याला अभंग तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

६. दिंडी उशिरा आली तर

समजा, ९:१० ला यायची दिंडी ९:३५ ला आली. हातात पंधरा मिनिटं आहेत आणि काम तीस मिनिटांचं. स्थिर व्हायला तीन मिनिटं द्या, ती वाचवता येत नाहीत. ९:३८ ला अन्नदात्यांची नावं, ९:४१ ला दोन सेवेकऱ्यांचा सत्कार, ९:४३ ला पाहुण्यांचा एकत्र सत्कार, ९:४६ ला आभार, ९:४७ ला परिचय, आणि ९:५० ला पूजन. मनोगत गेलं. सरपंचांना दिंडी चौकात असतानाच मदतनिसाकरवी सांगून ठेवा: "अण्णा, उशीर झालाय, आज आपण सत्कारावरच भागवू." आधी सांगितलं की कोणी नाही म्हणत नाही. माईकवर नाव पुकारून मग "वेळेअभावी" म्हटलं, तर पुढचं वर्षभर ऐकावं लागतं.

दिंडी पावणेदहानंतर आली, तर पाहुण्यांचा सत्कारही आरतीनंतर देवळातच, समितीने करावा. कीर्तनाची वेळ सत्कारासाठी पुढे ढकलू नका. तिथे गेलेली दहा मिनिटं महाराजांच्या वाट्यातून जातात, किंवा मग उन्हात पंगतीची वाट बघणाऱ्यांच्या.

७. कीर्तन सुरू झाल्यावर

तुमचा माईक साउंडवाल्याकडून बंद करून घ्या, नुसता बाजूला ठेवू नका. कोणीतरी तो उचलतोच. गाडी आडवी लागली आहे, चपला हरवल्या आहेत, लहान मूल सापडलं आहे. मूल हरवणं सोडून यातलं काहीही कीर्तनात सांगायचं नसतं. मुलासाठीही आधी मदतनिसाला स्वयंपाकघर आणि चपलांच्या जागेकडे पाठवा, बहुतेक वेळा मूल तिथेच असतं.

कीर्तन अर्ध्यावर असताना नेत्याची गाडी येते. हा प्रसंग येणारच, म्हणून उत्तर आधी ठरवा. मदतनिसाने त्यांना बाजूने आणून पुढच्या रांगेत बसवायचं. घोषणा नाही, हार नाही. महाराज गादीवर उभे असताना दुसऱ्या कोणाचा सत्कार होत नाही. महाराजांना वाटलं तर ते स्वतः एखादं वाक्य बोलतात, तो त्यांचा अधिकार. सोबतचे कार्यकर्ते गडबड करायला लागले तर एवढंच म्हणा: "साहेबांचा सत्कार आरतीनंतर देवासमोर आहे." देवासमोर म्हटलं की वाद मिटतो.

वेळेची आठवण करून द्यायला महाराजांच्या हातात चिठ्ठी देऊ नका. खांबावरचं घड्याळ त्यांना दिसतंच. ११:५० झाले की हंडीच्या दोरीपाशी माणूस उभा करा. हंडी कधीपासून वर टांगलेली असते, पण दोरी धरायला माणूस आला की महाराज गौळणीतून काल्याकडे वळतात. बारा वाजून दहा मिनिटं झाली तरी वळले नाहीत, तर विणेकऱ्यांना सांगा. ते महाराजांच्या मागेच उभे असतात आणि हळू आवाजात सांगू शकतात. तुम्ही स्वतः गादीकडे जाऊ नका.

रात्रीच्या कीर्तनांना एक वेगळी मर्यादा असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. मध्यरात्रीपर्यंतची सूट सरकारने जाहीर केलेल्या ठरावीक दिवसांनाच असते. त्यामुळे सातही दिवस कीर्तन ८ ते १० असं छापून घ्या, ९ ते ११ नको. आणि पहाटेचा काकडा बिनमाईकचाच चांगला लागतो.

८. हंडी फुटल्यापासून पंगतीपर्यंत

हंडी फुटली की पोरं दही-लाह्यांसाठी धावतात आणि मंडप विस्कटतो. या वेळी माईक पुन्हा सुरू करा, पण लगेच बोलू नका. काला वाटणारे रांगांमध्ये शिरले की सांगा:

"माउली, काल्याचा प्रसाद प्रत्येकाला जागेवर मिळणार आहे, उठू नका. यानंतर आरती आणि पसायदान होईल. पहिली पंगत माता-भगिनींची आणि बाहेरगावच्या पाहुण्यांची, शाळेच्या पटांगणात. दुसरी पंगत पुरुषांची, तिथेच."

पंगतीची सूचना हीच, आणि इथेच. पसायदानानंतर द्यायची म्हणून राखून ठेवलीत, तर पसायदानाची शेवटची ओवी चालू असतानाच मागचे लोक उठलेले असतात.

आरत्या तीन: विठ्ठलाची, ज्ञानराजांची, तुकारामांची. दहा-बारा मिनिटं लागतात. हौसेने आणखी दोन सुरू होतात, त्या होऊ द्या, तोवर वाढपी पत्रावळ्या मांडून घेतात. पसायदान सगळ्यांनी मिळून म्हणायचं, त्याची घोषणाही करू नका. गायनाचार्य सुरू करतात. ते संपलं की माईक साउंडवाल्याच्या हातात द्या.

९. लाइट गेली तर

जनरेटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात सूत्रसंचालकाने ओरडून काही सांगू नये. टाळकऱ्यांना आणि मृदंगवाल्यांना आवाजासाठी माईक लागत नाही, ते भजन धरतात आणि लोक बसून राहतात. सकाळी साउंडवाल्याकडून एकदा विचारून घ्या की जनरेटरमध्ये डिझेल आहे का, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे. किल्लीवाला माणूस बऱ्याचदा दिंडीत नाचत असतो.